खूण (कथा)

रेघोटी

आजीच्या लग्नाचा एकच फोटो आहे. नऊ सेंटिमीटर बाय चौदा, तळहाताएवढा. लहानपणापासून तो पाहत आले, पण त्यात आजी मला कधी दिसलीच नव्हती. आजोबांचा गडद कोट दिसायचा, खुर्चीची पाठ दिसायची, आजीच्या कपड्यांचा काठ दिसायचा. त्या काठाच्या वर, चेहरा असायला हवा तिथे, नुसतं पिवळट धुकं.

"ही तू?" असं विचारलं की आजी म्हणायची, "मीच. दुसरी कोण असणार?"

या वर्षी मी तो फोटो फ्रेममधून काढला. मागचे खिळे एकेक करून सरळ केले, पुठ्ठा उचलला. पुठ्ठ्याला एक करडा वास होता आणि फोटोच्या कडेला आरशासारखी निळसर चमक. स्कॅनरवर पालथा ठेवला. काळ्यापांढऱ्या फोटोचा स्कॅन रंगीत करायचा हे मला माहीत होतं, कारण आता तो काळापांढरा राहिलेलाच नव्हता. पिवळा पडलेला फोटो निळ्या चॅनलमध्ये सगळ्यात गडद दिसतो. तांबडा आणि हिरवा चॅनल बंद केला, फक्त निळा ठेवला, आणि त्या धुक्यातून हळूहळू एक मुलगी वर आली. आधी नाकाची रेघ, मग ओठ, मग डोळे. रात्रीचे दीड वाजले होते आणि मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते.

तिच्या कपाळावर चार डाग होते. तीन तपकिरी ठिपके केसांच्या रेषेजवळ आणि एक लांबट, उजव्या भुवईत. निळ्या चॅनलमध्ये चारही सारखेच काळे. शेजारची कातडी उचलून मी एकेक करून भरत गेले. चौथ्याला जरा वेळ लागला, कारण तिथे भुवईचे केसही नव्याने रेखाटावे लागले. सकाळी उठून पाहिलं तर कपाळ स्वच्छ होतं.

फोटो साडेचार पट मोठा छापून घेतला. दोन फूट उंचीचा झाला. तिला खिडकीसमोर बसवलं आणि फोटो खुर्चीवर टेकवून वरचा कागद काढला.

आजी काही बोलली नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. उठून जवळ गेली. मला वाटलं होतं ती आजोबांकडे बघेल. ती स्वतःकडेच बघत होती, आणि त्या नजरेत ओळख नव्हती. एखाद्या पाहुणीच्या चेहऱ्यात कोण दिसतंय ते आपण शोधतो, तशी ती शोधत होती.

"छान आहे गं मुलगी," ती म्हणाली.

"आजी, तू आहेस."

"मग माझी भुवई कुठे गेली?"

मला कळेना. तिने बोटाने स्वतःची उजवी भुवई वर ओढली. इतकी वर्षं मी तिथे सुरकुतीच पाहत आले होते. सुरकुती ताणली गेली तशी खाली एक बारीक, बिनकेसांची पट्टी उघडी पडली. त्या पट्टीने भुवईचे दोन तुकडे केले होते.

"नऊ वर्षांची असताना पडले. दगडावर. हाडापर्यंत गेलं होतं." ती परत बसली. "फोटो काढणारा म्हणाला, मान जरा तिकडे करा म्हणजे दिसणार नाही. मी म्हटलं, सरळच बसणार. मग म्हणाला, काचेवर पेन्सिलीने घालवून टाकतो, कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, हात लावायचा नाही. लग्न माझं आहे, तोंड माझं आहे."

ती थांबली.

"त्याने नाही घालवली."

त्या रात्री मी मूळ स्कॅन परत उघडला. या वेळी निळा बंद करून तांबडा चॅनल लावला. तांबड्यात चित्रच फार फिकं होतं, जेमतेम दिसेल इतकं. कपाळावरचे तीन ठिपके नाहीसे झाले होते. चौथा होता. चेहऱ्याइतकाच फिका, पण होता. बाहेरून आलेला डाग असता तर बाकीच्या तिघांसारखा गेला असता. तो चित्राचाच होता, ज्या चांदीत तिचे डोळे होते त्याच चांदीत.

मूळ फोटोत ती खूण मोजली. एक मिलिमीटर आणि वर थोडीशी. मोठ्या फोटोत पाच मिलिमीटर झाली असती. साठ वर्षांत ती कोणी पाहिली नव्हती आणि आता जेव्हा दिसू शकली असती तेव्हा मी पुसून ठेवली होती.

दुसरा फोटो छापून यायला आठवडा लागला. पुन्हा खिडकी, पुन्हा खुर्ची. या वेळी तिने चष्मा पुसला नाही. एकदा वर बघितलं, नेमकं जिथे बघायचं तिथे, आणि मान हलवली.

"आता बाजूला हो जरा," ती म्हणाली. "मला यांना बघू दे."

(कथा म्हणून लिहिली आहे, पण फोटो आणि आजी दोन्ही घरचीच. शेवट जमला आहे का, आणि फोटोच्या कामात काही चुकीचं लिहिलं आहे का, दोन्ही सांगा. चुका मोकळेपणाने दाखवा.)

---

मृद्गंध

"छान आहे गं मुलगी" या वाक्यापाशी मी थांबले. परत वरून वाचली. शेवट मला जमलेला वाटतो. स्वतःचा चेहरा परत मिळाल्याशिवाय तिला नवऱ्याकडे बघवत नाही, हे तुम्ही कुठेही सांगितलेलं नाही आणि तरी कळतं.

---

चष्मेवाला

कथा उत्तम. तांत्रिक बाजूबद्दल दोन गोष्टी. एक, स्कॅन किती डीपीआयवर केला ते लिहिलेलं नाही. असे जुने फोटो ४८०० वर करावेत, म्हणजे मोठे करताना बारकावे मिळतात. ४८०० वर केला असता तर तो डाग म्हणजे जखमेची खूण आहे हे तेव्हाच दिसलं असतं. दोन, काळ्यापांढऱ्या फोटोला ग्रेस्केल स्कॅन पुरतो, फाइलही लहान होते. आणि फोटो उन्हामुळे फिका पडला असणार, भिंतीवर होता ना?

---

डार्करूम_काका

रेघोटीताई, मी बरीच वर्षं अंधाऱ्या खोलीत काढली आहेत, म्हणून लिहितो. फोटोचं काम तुम्ही बरोबर लिहिलं आहे. चष्मेवाल्यांशी मात्र माझं जमत नाही.

ग्रेस्केल स्कॅन केला असता तर ही कथाच झाली नसती. तिन्ही चॅनल एकत्र कालवले गेले की डाग कुठला आणि चित्र कुठलं हे वेगळं करायची सोय संपते. पिवळा-तपकिरी डाग निळा उजेड गिळतो आणि तांबडा परत पाठवतो, म्हणून तो निळ्यात काळा दिसतो आणि तांबड्यात जवळपास नाहीसा होतो. ही ओळख रंगीत स्कॅनमध्येच शिल्लक राहते.

उन्हाचं म्हणाल तर रंगीत फोटोसाठी तुमचं बरोबर आहे, त्यातले रंग उजेडाने उडतात. हा चांदीचा फोटो आहे. चांदीला उजेडापेक्षा दमट हवा बाधते, आणि त्याहून जास्त बाधतो कागदात राहून गेलेला हायपो. फोटो पक्का करायला हायपोत बुडवतात आणि मग वाहत्या पाण्यात खूप वेळ धुवावा लागतो. घाईत ते धुणं कमी पडायचं. राहिलेला हायपो वर्षानुवर्षं चांदीला खात बसतो आणि काळ्याचा पिवळा करतो.

आता चेहराच का गेला, कोट का नाही गेला? कोट गडद, तिथे चांदी भरपूर. थोडी गेली तरी कळत नाही. चेहरा उजळ, म्हणजे तिथे चांदी मुळातच थोडी, आणि तिचे कणही बारीक. त्या थोड्यातली थोडी गेली की चेहराच जातो. जुन्या लग्नाच्या फोटोंत माणसं बिनचेहऱ्याची झालेली असतात आणि कपडे शाबूत असतात, त्याचं कारण हे आहे. कडेची निळसर चमक लिहिलीत तीही खरी. चांदी पृष्ठभागावर येऊन बसली की तशी दिसते.

---

चष्मेवाला

काका, ग्रेस्केलचं पटलं. मी आजवर सगळे घरचे फोटो तसेच केलेत, आता परत करावे लागणार. ४८०० चं मात्र अजून पटत नाही. जास्त घेतलं तर नुकसान काय?

---

डार्करूम_काका

नुकसान काही नाही, फायदाही नाही. फोटोचा कागद निगेटिव्हइतका बारकावा धरतच नाही. साध्या फोटोला ६०० पुरतो. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेला असेल, आणि या आकारावरून हा तसाच असावा, तर १२०० घ्या. त्यापुढे तुम्ही कागदाचे धागे मोठे करून बघता, माणूस नाही. त्यांची ती खूण १२०० वर जवळपास पन्नास पिक्सेल लांब येते. म्हणजे ती दिसत होतीच. काय आहे ते ओळखता आलं नाही, आणि ते पिक्सेल वाढवून येत नाही.

---

रेघोटी

काका, १२०० वरच केला होता. चाळीस सेंटिमीटर रुंदीला तो इंचाला २७० पिक्सेलच्या आसपास पडला आणि हातभर अंतरावरून स्वच्छ दिसतो. कथेत आकडा घातला नाही कारण तिथे तो बोचला असता.

---

ओवी

ताई, कथा वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही फोटो दुरुस्त करून देता का? माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. अर्धा सुटा आहे, पण आईच्या बाजूचा काचेला पक्का बसलाय आणि तिथे ओल्या डागासारखा चमकदार पट्टा दिसतो. एका कोपऱ्यातून ओढून बघितलं तर थोडा निघाला, मग भीती वाटली म्हणून थांबले. तुमचा जसा अलगद निघाला तसा कसा काढायचा?

---

चष्मेवाला

ओवीताई, काचेसकट साध्या पाण्यात भिजत ठेवा. जुने फोटो पाण्यातच धुतलेले असतात, त्यांना काही होत नाही. सुटून येईल.

---

डार्करूम_काका

ओवी, थांबलात ते फार बरं केलंत. आता आणखी ओढू नका. आणि पाण्यातही घालू नका, निदान अजून तरी.

चष्मेवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. चित्र जिलेटिनच्या थरात असतं, तो थर ओल्याने मऊ होऊन काचेला चिकटतो, आणि कधीकधी पुन्हा भिजवल्यावर सुटतोही. पण फोटोला बुरशी लागलेली असेल तर बुरशीने ते जिलेटिन खाल्लेलं असतं आणि मग ते पाण्यात चक्क विरघळतं. चित्र पाण्यात उतरतं आणि तुमच्या हातात कोरा कागद राहतो. वरून हाताने रंग भरलेला असेल तर तोही जातो. काचेला चिकटलेल्या फोटोला बुरशी नसणं हेच अवघड, कारण दोन्ही एकाच ओलीतून येतात.

काचेसकट स्कॅन करा. काच बाहेरून पुसा, फोटो काचेच्या बाजूने स्कॅनरवर पालथा ठेवा. चिकटलेला भाग उलट जास्त स्वच्छ येतो, कारण तिथे काच आणि फोटो यांच्यात हवाच नाही. सुटा भाग थोडा निस्तेज येईल, तो नंतर सारखा करता येतो. स्कॅनरमध्ये अंधूक दिसला, काही स्कॅनर काचेच्या जाडीएवढं लांबचं नीट बघू शकत नाहीत, तर कॅमेऱ्याने काढा. दोन्ही बाजूंनी तिरका उजेड द्या, समोरून नाही. ते झाल्यावर फोटो काचेसकट सपाट, कोरड्या जागी ठेवा. काढायचाच असेल तर फोटोंचं जतन करणाऱ्या माणसाला दाखवून मगच.

---

ओवी

काका, धन्यवाद. बुरशी आहे. कोपऱ्यात करडे कोळ्याच्या जाळ्यासारखे ठिपके आहेत, मला वाटलं धूळ आहे. उद्याच स्कॅन करते.

---

वाचनवेडी

मला एक गोष्ट खटकली, स्पष्ट सांगते. नात इतकं बारीक काम करते, चॅनल वेगळे करते, पण आजी घरात जिवंत असताना तिला एकदाही विचारत नाही की कपाळावर काही होतं का. हे कथेत कुणी बोलून दाखवायला हवं होतं का? की तुम्हाला ते मुद्दाम न बोलता ठेवायचं होतं?

आणि तांबड्या चॅनलचा परिच्छेद मला थोडा पुरावा दाखवल्यासारखा वाटला. आजीने स्वतःची भुवई ओढून दाखवली, तिथेच सगळं सिद्ध झालं. मग नातीने पुन्हा पडद्यावर खात्री का करून घ्यावी? आजीचं म्हणणं पुरेसं नव्हतं?

---

रेघोटी

तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात आहे. न विचारण्याचं कारण खरंच साधं होतं, मला तिला पूर्ण झालेला फोटो एकदम दाखवायचा होता. आधी विचारलं असतं तर ती मधेच बघायला आली असती. कथेत ते बोलून दाखवलं नाही कारण आजीही कधी बोलली नाही. ती एवढंच म्हणाली की त्याने नाही घालवली.

तांबडा चॅनल मी खात्रीसाठी नाही लावला. खूण परत कशी आणायची हा प्रश्न होता. भरलेला भाग काढून टाकला तर निळ्यातला डाग परत येतो, पण त्याच्यावर भोवतीचा पिवळेपणाही चढलेला होता, कडा फुगलेल्या होत्या. खुणेचा खरा आकार तांबड्यातच होता. तिथून आकार घेतला आणि गडदपणा निळ्यातून. हे कथेत नीट आलेलं नाही, तुमचं वाचून जाणवलं. तो परिच्छेद मी बदलेन.

---

वाचनवेडी

हे तुम्ही आता लिहिलंत तेच कथेत यायला हवं. मग तो परिच्छेद पुरावा राहत नाही, परतफेड होते.

---

मृद्गंध

मला नाही वाटत. "पण होता" या दोन शब्दांवर तो परिच्छेद उभा आहे, त्यात आणखी काही घालू नका. आहे तसाच ठेवा, रेघोटी.

---

डार्करूम_काका

कथेचं तुम्ही ठरवा, मी पेन्सिलीबद्दल सांगतो. फोटो काढणारा म्हणाला ते अगदी तसंच व्हायचं. निगेटिव्हच्या काचेवर आधी एक चिकटसर द्रव चोळायचा, म्हणजे पेन्सिल धरते, आणि मग टोकदार शिशाने बारीक बारीक स्वल्पविरामांसारख्या रेघा मारायच्या. छापात काळी येणारी खूण निगेटिव्हवर पारदर्शक असते. तिथे शिसं बसलं की उजेड अडतो आणि कागदावर ती जागा उजळ होते. मुरूम, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं असंच जायचं, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला विचारायचीही पद्धत नव्हती. तुमच्या आजींना विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं, हे मला फार आवडलं.

ते काम भिंगाखाली ओळखू येतं. उजळ, एका दिशेने कललेल्या बारीक खुणा. तुमच्या स्कॅनमध्ये बघा सापडतात का.

आणि एक इशारा. तांबड्याची परीक्षा पिवळ्या-तपकिरी डागांपुरतीच आहे. शाई, काजळी, माशीने केलेले ठिपके मुळात काळेच असतात, ते तांबड्यातही तसेच राहतात आणि चित्राचा भाग असल्याचं सोंग घेतात. म्हणून मूळ फोटो हातात घ्या, खोलीतला दिवा बंद करा आणि विजेरी कागदाला जवळजवळ समांतर धरून एका बाजूने उजेड टाका. वरून काही बसलं असेल तर ते उभं राहतं किंवा तिथली चमक तुटते. चित्रातली खूण सपाट असते, चमक तिच्यावरून अखंड जाते. दोन्ही परीक्षा एकदम केल्याशिवाय काही पुसू नये. एवढं करूनही कधी कधी कळत नाही.

---

वाचनवेडी

काकांचं वाचून एक प्रश्न सुचला. रेघोटी, आजोबांच्या चेहऱ्यावरचं काही पुसलंत का?

---

रेघोटी

तुमचा प्रश्न वाचल्यावर लगेच मूळ स्कॅन उघडला.

आधी पेन्सिल. आजीच्या भुवईपाशी काही नाही. तिच्या चेहऱ्यावर कुठेच नाही, त्याने शब्द पाळला. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांखाली मात्र काकांनी सांगितल्यासारख्या उजळ, तिरक्या, बारीक रेघा आहेत. आजीला सांगितलं तर म्हणाली, "आदल्या रात्री झोपले नव्हते ते." मग बराच वेळ काही बोलली नाही.

आता पुसण्याचं. हो, पुसलं होतं. हनुवटीच्या डाव्या बाजूला एक ठिपका, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान. तेव्हा मी दुसऱ्यांदा बघितलंही नव्हतं. तांबड्या चॅनलमध्ये तो जात नाही. दिवा बंद करून विजेरी धरली. उंचवटा नाही, पण त्या जागेची चमक किंचित मंद आहे, आणि ती मंद जागा ठिपक्यापेक्षा मोठी आहे, बोट टेकावं एवढी. म्हणजे तिथे कोणीतरी पुष्कळ वेळा हात लावला असावा. ठिपका त्याच्याही आधीचा की नंतरचा, ते मला सांगता येत नाही.

आजोबांचे नंतरचे सगळे फोटो दाढीचे आहेत. आजीला विचारलं, हनुवटीवर तीळ होता का. तिने डोळे मिटून घेतले आणि थोड्या वेळाने म्हणाली, "होता असं म्हणावंसं वाटतंय, पण आठवत नाही गं."

ठिपका परत आणून ठेवला आहे. तिसऱ्यांदा छापायला दिलाय.